तळाला पाणी, पोटात कोरडं

शिळा पाव उरला की आपल्याकडे त्याच्या वाटा ठरलेल्या असतात. मोहरी-हिंगाची फोडणी देऊन कांद्यावर परतलेला फोडणीचा पाव, नाहीतर कटलेटसाठी चुरा, नाहीतर चहात बुडवायला तव्यावर कडक केलेले तुकडे. माझ्या सासरी ब्रेड पुडिंग हा प्रकार नव्हताच. मी तो पहिल्यांदा केला तो एका इंग्रजी पुस्तकात बघून. कृती शब्दशः पाळली होती. वरून पुडिंग सोनेरी दिसत होतं, फुगलंही होतं. सुरी घातली आणि दोन गोष्टी एकदमच दिसल्या. भांड्याच्या तळाला पातळ, पिवळसर पाणी साचलं होतं आणि कापलेल्या तुकड्याच्या मधोमध ब्रेड पांढराफटक, कोरडा होता.

त्या दिवशी मला वाटलं, माझ्या हातून दोन चुका झाल्या. पाणी सुटलं म्हणजे दूध जास्त झालं आणि ब्रेड कोरडा राहिला म्हणजे दूध कमी पडलं. दोन्ही एकाच भांड्यात कसं होईल, हे काही केल्या कळेना. पुढच्या वेळी दूध वाढवलं तर तळ्यात आणखी भर पडली, दूध कमी केलं तर नुसताच गोड पाव भाजल्यासारखा लागला. बऱ्याच रविवारांनंतर लक्षात आलं की त्या दोन चुका नव्हत्याच. चूक एकच होती. दूध-अंड्याचं मिश्रण ब्रेडच्या आत गेलंच नव्हतं. आत कोरडं राहिलं ते त्यामुळे, आणि जे मिश्रण आत जायला हवं होतं ते बाहेर मोकळं पडून ओव्हनमध्ये फाटलं, त्याचं ते पाणी. म्हणून ब्रेड पुडिंगमध्ये प्रमाण आणि भिजवण्याचा वेळ या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून चालत नाही. प्रमाण अगदी बरोबर असलं तरी ब्रेडने ते पिऊन घेतलं नसेल, तर ते प्रमाण कागदावरच राहतं.

आधी 'शिळा' म्हणजे काय ते बघू, कारण सगळं तिथूनच सुरू होतं. शिळा ब्रेड म्हणजे वाळलेला ब्रेड असं आपण धरून चालतो. ते अर्धंच खरं आहे. जाँ-बाप्तिस्त बूसँगो या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८५२ मध्येच दाखवून दिलं होतं की ब्रेड हवाबंद ठेवला, त्यातलं पाणी अजिबात उडू दिलं नाही, तरी तो शिळा होतोच. आणि तोच ब्रेड ६० अंश सेल्सिअसपर्यंत गरम केला की पुन्हा मऊ होतो. भाजताना पिठातला स्टार्च पाणी पिऊन फुगतो आणि मऊ पडतो. ब्रेड निवल्यावर हाच स्टार्च हळूहळू पुन्हा घट्ट, बांधीव रचनेत जातो. त्यामुळे ब्रेड हाताला कडक लागतो, जरी त्यातलं पाणी बरंचसं तिथेच असलं तरी. हा बदल फ्रिजच्या थंडीत बाहेरच्यापेक्षा लवकर होतो. फ्रिजमध्ये ठेवलेला ब्रेड दुसऱ्या दिवशी चरबट लागतो, तो याचमुळे.

पुडिंगच्या दृष्टीने याचा फायदा असा की शिळ्या ब्रेडच्या छिद्रांच्या भिंती ताठ असतात. दूध ओतलं की ते छिद्राछिद्रांतून आत ओढलं जातं आणि भिंती लगेच कोसळत नाहीत. ताज्या, लुसलुशीत ब्रेडचं उलटं होतं. दूध लागताक्षणी बाहेरचा थर विरघळल्यासारखा चिकट होतो, छिद्रं मिटतात आणि आतली वाट बंद होते. बाहेर लगदा, आत कोरडं. माझं पहिलं पुडिंग असंच बिघडलं होतं. घरात शिळा ब्रेड नव्हता म्हणून मी सकाळी आणलेला ताजा वापरला होता.

पण नुसता शिळा असून भागत नाही, हेही सांगायला हवं. पिशवीत बंद राहून शिळा झालेल्या ब्रेडमध्ये मूळचं पाणी जवळजवळ तसंच असतं. ब्रेडच्या वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून थोडं जास्त पाणी असतं ते. तेवढी जागा आधीच भरलेली असल्यावर दूध कुठे मावणार? म्हणून तुकडे करून ते ओव्हनमध्ये १२० अंशांवर वीस-पंचवीस मिनिटं सुकवायचे. तांबूस करायचे नाहीत. हातात घेतल्यावर हलके लागले, बोटाने टकटक केलं तर बाहेरून कडक वाजले आणि दाबल्यावर अगदी मधोमध थोडा मऊपणा जाणवला, की पुरे. ओव्हन लावायचा नसेल तर परातीत पसरून, वर जाळी ठेवून रात्रभर उघडे ठेवले तरी उन्हाळ्यात हेच काम होतं. पावसाळ्यात मात्र तसं ठेवू नये. त्या हवेत तुकडे सुकण्याऐवजी सर्दावतात आणि बुरशी धरते. आणि बुरशीचा एक ठिपका जरी दिसला तरी तेवढाच भाग कापून बाकीचा वापरायचा मोह आवरावा. ब्रेड सच्छिद्र असतो, बुरशीचे तंतू ठिपक्याच्या बरेच पलीकडे पोचलेले असतात, फक्त ते डोळ्यांना दिसत नाहीत. असा पाव टाकून द्यावा.

आता प्रमाण. कस्टर्ड म्हटलं की आपल्यापैकी बहुतेकांच्या डोळ्यांसमोर डब्यातली पिवळी पावडर आणि फळं घातलेलं थंडगार फ्रूट कस्टर्ड येतं. ती पावडर म्हणजे रंग-वास घातलेला कॉर्नफ्लोअर. बर्मिंगहॅमच्या आल्फ्रेड बर्ड यांनी १८३७ मध्ये ती पहिल्यांदा तयार केली, कारण त्यांच्या पत्नीला अंडं चालत नव्हतं. मूळ कस्टर्ड म्हणजे दूध, साखर आणि अंडं, आणि ते घट्ट होतं ते अंड्यातल्या प्रथिनांमुळे. पारशी लग्नातलं 'लगन नु कस्टर्ड' ज्यांनी खाल्लं आहे त्यांना हे वेगळं सांगायला नको. आटवलेलं दूध, अंडी, वेलची-जायफळ, आणि भट्टीतून आलेली वरची तांबूस साय. ब्रेड पुडिंगमधलं कस्टर्ड त्याच घराण्यातलं आहे.

मी जे प्रमाण धरते ते असं: ब्रेडच्या वजनाच्या सव्वादोन पट दूध, आणि दर दीडशे मिलीलिटर दुधाला एक अंडं. साखर दुधाच्या साधारण सहाव्या हिश्श्याइतकी. ब्रेडचं वजन सुकवण्याआधी करायचं. म्हणजे २०० ग्रॅम पाव असेल तर ४५० मिलीलिटर दूध, ३ अंडी आणि ७५ ग्रॅम साखर. एवढं लक्षात राहिलं की घरात पाव कितीही उरला असला तरी हिशेब करता येतो.

या आकड्यांमागे काय आहे ते समजून घेतलं तर ते आपल्या आवडीप्रमाणे हलवताही येतात. नुसतं कस्टर्ड, ब्रेडशिवाय, जेमतेम धरायला एका कपाला, म्हणजे २४० मिलीलिटर दुधाला, निदान एक अंडं लागतं. तेही डळमळतं राहतं. पुडिंगमध्ये ब्रेडचा स्टार्चही थोडा हातभार लावतो, म्हणून फार अंडी लागत नाहीत. दीडशेला एक या प्रमाणात वडी नीट कापली जाते आणि तरी चमच्याला मऊ लागते. शंभर मिलीलिटरला एक अंडं केलं तर पुडिंग घट्ट होतं, पण गोड ऑम्लेटचा वास मारू लागतं. दोनशेला एक केलं तर चव दुधाळ, नाजूक येते, पण ते वाटीत चमच्यानेच खावं लागतं. दूध ब्रेडच्या अडीच पटीपर्यंत वाढवलं तर तुकड्यांच्या खाली कस्टर्डचा एक वेगळा थर बसतो. काही जणांना तोच जास्त आवडतो. दुप्पटच्या खाली गेलं की पुडिंग जड, पावासारखं लागतं.

अंड्यांच्या बाबतीत एक गोष्ट माझ्या फार उशिरा लक्षात आली. अमेरिकन पुस्तकांत ज्याला 'लार्ज' म्हणतात ते अंडं कवच काढून ५० ग्रॅमच्या आसपास भरतं. आपल्या कोपऱ्यावरच्या दुकानातलं अंडं बऱ्याचदा कवचासकट तेवढं असतं, आतला ऐवज ४४-४५ ग्रॅम. तीन अंड्यांत पंधरा-वीस ग्रॅमचा फरक पडतो. त्यांच्या चार अंड्यांच्या कृतीत आपली चारच अंडी घातली तर जवळजवळ अर्धं अंडं कमी पडतं. पुडिंग 'काही केल्या धरत नाही' अशी तक्रार असते तिथे हे एकदा तपासून बघावं. वर दिलेलं दीडशेला एक हे प्रमाण आपल्या अंड्यांसाठीच आहे.

दुधाचंही तसंच. आपल्या घरी दूध उकळून ठेवलेलं असतं. उकळल्यावर ते आटतं आणि वर साय धरते. साय काढून उरलेलं दूध घेतलं तर कस्टर्ड कोरडं, रबरासारखं लागतं. म्हणून उकळलेलं दूध मोजून घ्यावं आणि त्यावरची साय त्यातच फेटावी. पिशवीवर फुल क्रीम लिहिलेलं दूध, ज्यात ६ टक्के स्निग्धांश असतो, ते घेतलं तर वेगळी साय लागत नाही. टोन्ड दुधात तो ३ टक्केच असतो. ते वापरायचं झालं तर दोन चमचे लोणी जास्त घालते मी.

आता एकदा सगळं करूनच बघू. गेल्या महिन्यात आमच्याकडे मिसळीचा बेत होता आणि लादीपावांतले पाच पाव उरले. तराजूवर ठेवले तर १९८ ग्रॅम भरले, म्हणजे वर लिहिलेलंच माप. दोन दिवस ते डब्यात होते. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे दीड-दीड इंचाचे तुकडे केले. लादीपावाला वरची आणि खालची सोडली तर कडेला साल नसते, पाव एकमेकांपासून ओढून काढलेले असतात. त्यामुळे तो बाजूंनी भराभर दूध पितो आणि भराभर विरघळतोही. म्हणून तुकडे फार लहान करू नयेत. पाऊण इंचाचे केले होते एकदा, तर पुडिंगचा शिरा झाला.

ओव्हनमध्ये सुकवून तुकडे निवत ठेवले तोवर ४५० मिलीलिटर दूध कोमट केलं. बोट बुडवून दहापर्यंत मोजता यावं, इतपतच. कोमट दूध गारेपेक्षा लवकर आत शिरतं, साखरही विरघळते. त्याहून गरम असेल तर अंडी घालताच शिजून दोरे धरतात. तीन अंडी साखरेबरोबर आणि चिमूटभर मिठाबरोबर हलक्या हाताने फेटली. फेस आणायचा नाही. फेस आणला तर भाजताना तो वर येऊन कोरडी, स्पंजासारखी साल धरतो. मग दूध ओतून गाळणीने गाळून घेतलं. अंड्यातले पांढरे धागे गाळणीत राहतात, आणि खाताना तोंडात येणारे ते घट्ट पांढरे कण मग येत नाहीत. जायफळ किसून घातलं, अगदी चिमूट. ३० ग्रॅम लोण्यापैकी थोडं आठ इंची काचेच्या भांड्याला लावलं आणि बाकीचं वितळवून ठेवलं. बेदाणे तुकड्यांच्या मध्ये आणि खाली पेरले. वर ठेवले तर ते जळून कडू होतात.

आणि आता भिजवणं. सगळं कस्टर्ड एकदम ओतायचं नाही. आधी दोन हिस्से ओतले, तुकडे एकदा वरखाली केले आणि एक ताटली उपडी ठेवून हलकं दाबलं. ब्रेड तरंगतो. जो भाग दुधाच्या वर राहतो तो तसाच कोरडा राहतो, म्हणून हे दाबणं. पंधरा मिनिटांनी ताटली उचलली तेव्हा भांड्यात दूध जवळजवळ दिसत नव्हतं. मग उरलेला तिसरा हिस्सा ओतला आणि आणखी पंधरा मिनिटं ठेवलं.

वेळ झाली की घड्याळाकडे न बघता एक काम करते. भांड्यातला सगळ्यात जाड तुकडा, शक्यतो वरच्या सालीचा, बाहेर काढायचा आणि दोन बोटांनी मधून फाडायचा. आत पांढरा, कोरडा ठिपका दिसला तर अजून थांबायचं. त्या दिवशी अर्ध्या तासाने फाडलेल्या तुकड्यात हरभऱ्याच्या डाळीएवढा ठिपका होता. दहा मिनिटांनी दुसरा तुकडा फाडला तर आतपर्यंत एकसारखा फिकट पिवळा रंग, दाबला तर स्पंजातून यावं तसं दूध आलं आणि सोडल्यावर तो बराचसा पूर्ववत झाला. हीच ती वेळ. तुकडा उचलताना हातातच तुटू लागला, बोटांना लगदा लागला, तर वेळ टळलेली असते. मग पुडिंग फसतं असं नाही, पण त्यात ब्रेडचे तुकडे वेगळे जाणवत नाहीत, सगळं एकजीव होतं.

माझ्याकडे लादीपावाला चाळीस मिनिटांच्या आसपास लागतात. पिशवीतल्या सँडविच ब्रेडला वीस मिनिटं पुरतात, कारण तो मुळातच बारीक छिद्रांचा आणि मऊ असतो. त्याला तासभर ठेवला तर खीर होते. गोव्यात पोदेर जो उंडो घेऊन येतो त्याची साल कडक असते. त्याला तास-सव्वा तास तरी द्यावा लागतो, आणि कोंडा असलेल्या पोळीलाही जवळपास तेवढाच. फ्रेंच लोफसारखा जाड सालीचा ब्रेड रात्रभर भिजला तरी चालतो. पण एवढा वेळ ठेवायचं तर भांडं झाकून फ्रिजमध्येच हवं. कच्च्या अंड्याचं दूध आपल्या उन्हाळ्यात ओट्यावर तासाभराहून जास्त राहू देऊ नये. फ्रिजमध्ये भिजणं सावकाश होतं, तेव्हा बाहेरच्या वेळेच्या दुप्पट-तिप्पट वेळ धरावा, आणि भाजायच्या आधी भांडं पंधरा-वीस मिनिटं बाहेर काढून ठेवावं.

गोव्याचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. तिथल्या बऱ्याच घरांतलं पुडिंग वेगळ्या जातीचं असतं. पाव दुधात भिजवून पूर्ण कुस्करतात, अंडी-साखर घालतात आणि तळाला करपवलेल्या साखरेचा पाक ओतलेल्या डब्यात शिजवून उपडं करतात. तिथे तुकडा टिकायलाच नको असतो, त्यामुळे पाव कितीही भिजला तरी बिघडत नाही. कुठलं पुडिंग करायचं आहे हे आधी ठरवावं ते याचसाठी. मी सांगते आहे ते तुकड्यांचं, वरून कुरकुरीत आणि आत हलणारं.

भाजण्याआधी भांडं एकदा बघून घ्यायचं. कस्टर्डची पातळी वरच्या तुकड्यांच्या थोडी खाली हवी. टोकं बाहेर राहिली की तीच कुरकुरीत होतात. त्यांच्यावर राहिलेलं वितळलेलं लोणी आणि चमचाभर साखर शिंपडली. सगळे तुकडे बुडालेले असतील तर दूध जास्त झालंय, नाहीतर ब्रेड पुरता सुकला नव्हता. अशा वेळी पळीभर कस्टर्ड काढून वाटीत वेगळं भाजावं, पण ते भांड्यात तसंच सोडून 'भाजताना आटेल' या भरवशावर राहू नये. कस्टर्ड भाजताना आटत नाही, गोठतं.

गोठण्याचं गणित नाजूक आहे. नुसतं अंडं ७० अंशांच्या आसपास घट्ट होतं. दूध आणि साखर मिसळली की प्रथिनं एकमेकांपासून लांब पडतात, त्यामुळे तेच मिश्रण ८० अंशांच्या जवळपास धरू लागतं. आणि ८५ च्या पुढे गेलं की धरलेली प्रथिनं आणखी आवळतात, पिळून पाणी बाहेर टाकतात. धरणं आणि फाटणं यांच्यात अशी चारपाच अंशांचीच फट असते. ब्रेडच्या आत गेलेलं कस्टर्ड या फटीत जरा सांभाळून घेतं, कारण स्टार्च प्रथिनांना एकमेकांना गच्च धरू देत नाही. बाहेर मोकळं राहिलेलं कस्टर्ड मात्र काचेच्या गरम भिंतीला थेट टेकलेलं असतं. तेच आधी फाटतं. माझ्या पहिल्या पुडिंगच्या तळातलं पाणी तिथून आलेलं होतं.

म्हणून ओव्हन १६० अंशांवर, आणि भांडं पाण्यात. घरातल्या ओटीजीबरोबर जो खोलगट ट्रे येतो त्यात पुडिंगचं भांडं ठेवून, त्याच्या निम्म्या उंचीपर्यंत कढत पाणी ओतायचं. ओव्हन कितीही तापला तरी पाणी शंभर अंशांच्या वर जात नाही, त्यामुळे कडा आणि तळ सांभाळले जातात. गार पाणी ओतलं तर ते तापेपर्यंतच अर्धा तास जातो. लहान ओटीजीत वरचा रॉड भांड्याच्या फार जवळ येतो, पंधरा मिनिटांत वरची टोकं काळी पडतात. मी पहिली तीस मिनिटं फक्त खालचा रॉड चालू ठेवते आणि शेवटच्या पंधरा मिनिटांत दोन्ही. सोय नसेल तर वर फॉइल सैल टाकून ठेवावी आणि शेवटी काढावी.

त्या दिवशी ४८ मिनिटं लागली. झालं की नाही हे बघायला भांड्याला हलकासा धक्का द्यायचा. कडा स्थिर राहून मधला भाग जेलीसारखा एकसंध थरथरला तर ओव्हन बंद करायचा. लाटेसारखा हलला तर आणखी पाच मिनिटं. सुरीचं टोक मध्ये घालून दाबलं की थोडा ओलावा वर येतो. तो दुधाळ असेल तर पुडिंग कच्चं आहे, परत आत जाऊ दे. तो पाण्यासारखा स्वच्छ असेल आणि आजूबाजूला बारीक छिद्रं दिसत असतील तर जास्त झालंय, लगेच बाहेर काढून पाण्यातून उचलून ठेवावं. पाणी आणि दूध यांतला हा फरक एकदा डोळ्यांत बसला की मिनिटं मोजायची गरज उरत नाही. बाहेर काढल्यावर पुडिंग वीस मिनिटं तसंच राहू द्यावं. ते फुगलेलं असतं आणि बघता बघता बोटभर खाली बसतं. नवख्या माणसाला वाटतं बिघडलं, पण आतली वाफ निघून गेली एवढंच. त्या वीस मिनिटांत आतलं कस्टर्ड पूर्ण धरतं. गरमागरम कापलं तर चांगलं झालेलं पुडिंगही ओघळतं.

अंडं न खाणाऱ्या घरांसाठी पावडरचा मार्ग आहे, पण त्याचे नियम वेगळे आहेत. कॉर्नफ्लोअर घट्ट व्हायला मिश्रण उकळावं लागतं, अंड्यासारखं ते ८० अंशांवर धरत नाही. आणि एकदा उकळून घट्ट झालेलं कस्टर्ड ब्रेडच्या छिद्रांत शिरत नाही, वरच बसून राहतं. त्यामुळे दुधाचे दोन भाग करावे लागतात. निम्म्या कोमट, साखर घातलेल्या दुधात तुकडे आधी पूर्ण भिजवायचे, तोच फाडून बघण्याचा प्रयोग करून. उरलेल्या निम्म्या दुधात पावडर शिजवून, ओतता येईल इतकं सैल असतानाच ते वर ओतायचं आणि १८० अंशांवर वरून रंग येईपर्यंत भाजायचं. इथे पाण्याच्या ट्रेची गरज नाही, कारण फाटायला त्यात अंडंच नाही. चव छान लागते, पण अंड्याच्या कस्टर्डची ती थरथर तिच्यात येत नाही, हे मान्य करूनच करावं.

आमच्या त्या पाच पावांच्या पुडिंगचे सहा चौकोन झाले. संध्याकाळी चार संपले, दोन झाकून फ्रिजमध्ये ठेवले. तिथे ते दोन-तीन दिवस चांगले राहतात. दुसऱ्या दिवशी सकाळी लेकीने एक चौकोन आडवा कापला. आत तुकड्यांच्या कडा अजून वेगळ्या दिसत होत्या, मधली जागा पिवळसर आणि एकसारखी, कुठे पांढरा ठिपका नाही. डबा उचलून तिरका केला तर तळाला थेंबभरही पाणी नव्हतं. तिने दोन्ही फोडी तव्यावर लोणी टाकून दोन्ही बाजूंनी तांबूस केल्या आणि डब्यात भरून कॉलेजला घेऊन गेली.